दिवेलागणीला कटणारा फोन

तेरमध्ये नेटची जोडणी द्यायचं आमचं छोटं ऑफिस आहे. नवरा खांबावर चढतो, शिव्या मी खाते. पण त्या दुपारी दुबईहून फोन आला तेव्हा पलीकडून शिवी आली नाही, रडू आलं.

"वहिनी, एक विचारू? बाबा रागानं फोन कट करतात, का नेट जातं? तुम्हाला कळेल का ते?"

बाबा म्हणजे आमचे कंडक्टरकाका. एसटीतून रिटायर झालेले, घरी एकटेच. पोरीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून बराच काळ अबोला होता. नुकतीच कुठं बोलाचाली सुरू झालेली. रोज संध्याकाळी ती काकांच्या घरच्या वायफायवर व्हिडिओ फोन करायची, आणि दिवेलागणीला तो मधेच बंद पडायचा. तिला वाटायचं बाबांनी ठेवला, काकांना वाटायचं पोरीनं ठेवला. तेवढ्यावर भागत होतं. पण आठवड्यापूर्वी तिनं धीर करून विचारलं, "दिवाळीला आम्ही दोघं येऊ का?" आणि नेमका तेव्हाच फोन कटला. तिनं तेच बाबांचं उत्तर धरलं. तेव्हापासून फोन नाही.

"आज नेहमीच्या वेळेला लावा. मी तिथं बसते," मी म्हटलं.

"नको वहिनी. परत तेच बघायची ताकद न्हाय माझ्यात."

"लावा म्हणते ना!" माझा आवाज चढलाच. मला रडणारं माणूस बघवत नाही, मग मी खेकसते.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तर काका फोन मांडीवर घेऊन बसलेले. "लेक कामात आसंल," म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.

"मग तुम्ही लावायचा की!"

"तिनं मधीच ठिवला, बाई. काय बोलत हुती ते बी ऐकू आलं न्हाय. माझ्याशी बोलायचा कंटाळा आला आसंल. आपण कशाला माघं लागायचं?"

तेवढ्यात फोन वाजला. काका ताठ झाले. "जेवलीस का? गरम हाय का तिकडं?" एवढंच चाललेलं. दोघंही अंग चोरून बोलत होते. मी भिंतीवरच्या राउटरकडं डोळे लावून बसले. फायबरचा दिवा हिरवा होता, म्हणजे तार धड होती. आणि बघता बघता शेजारचा इंटरनेटचा दिवा गपकन विझला. पोरीचा आवाज तुटला, फोनचा पडदा थिजला.

"बघा! ठिवला का न्हाय?" काकांचा चेहराच उतरला.

"आवो काका, ती कशाला ठेवंल? तो दिवा बघा आधी!"

मग मी त्यांना समजावलं. आम्ही ज्या कंपनीकडून नेट घेतो, ती एकदा जोडलेली लाईन चोवीस तास झाले की स्वतःच तोडते. राउटर पुन्हा हाक मारतो, जोडणीला नवा नंबर मिळतो, मिनिटा-दोन मिनिटांत नेट परत येतं. तोवर चालू कॉल मात्र मरतो. पूर्वी लाईट जायची, राउटर कधीही बंद-चालू व्हायचा, म्हणून वेळ बदलत राहायची. मग काकांनी राउटरला छोटी बॅटरी बसवून घेतली, ती दिवेलागणीला. तेव्हापासून राउटर बंद पडला नाही, म्हणून रोज त्याच सुमाराला लाईन तुटत होती.

"म्हंजी डेपोनं गाडी फिरवून घेतल्यावानी," काका म्हणाले. "ड्रायव्हरचा काय दोष न्हाय."

"व्हय. आता पहाटे फिरायला जाताना राउटर बॅटरीसकट बंद करायचा, आल्यावर लावायचा. मग तुटंल ती सकाळी तुटंल. संध्याकाळी बटनाला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवते."

दिवा लागला. फोन पुन्हा वाजला, तसा मीच ओढून घेतला. "ताई, नेटच गेलं होतं! तुमचं ते दिवाळीचं त्यांनी ऐकलंच न्हाय. विचारा आता!"

पलीकडून बारीक आवाजात, "बाबा, आम्ही दोघं येऊ का?"

काकांनी फोन हातात घेतला. "इचारतीस काय येडे? जावयाला गोड काय आवडतं, ते सांग." माझे डोळे भरले. मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर आले.

चार-आठ दिवसांनी काका ऑफिसात हजर. मी कपाळाला हात लावला, "परत तुटतंय का?"

"न्हाय वो. तुटंनाच झालंय." ते खुर्चीत टेकले. "आधी आपोआप बंद पडायचं. आता 'ठेवतो' म्हणावं लागतंय. उभा जन्म डबल बेल मारून गाड्या सोडल्या, बाई. ह्या गाडीला काय बेल मारवंना."