अक्षदा शिरगाव

माझी मालिनी आत्या अंबरनाथ पूर्वेला एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करते. सत्तावीस वर्षं झाली. विहारातल्या महिला मंडळाचीही तीच सर्वेसर्वा. पौर्णिमेच्या वंदनेनंतर बायका घरी जायच्या सोडून तिच्याभोवती बसतात, आणि सासूपासून पाळीपर्यंत सगळं सांगतात. बाहेर एक शब्द जात नाही, असा तिचा लौकिक होता. होता म्हणताना मला अजून त्रास होतो.

मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी काढून दिला. आणि एकदा, स्नॅपचॅटवर मैत्रिणीने माझ्या फोटोचा स्क्रीनशॉट घेतला तेव्हा लगेच आलेली सूचना आत्याला मीच दाखवली. "बघ, चोर पकडला!" म्हणत मी हसत होते. तो शहाणपणा मला नडला. आत्याने समजून घेतलं की फोन म्हणजे फोन, कोणी फोटो काढला की तो सांगणारच. पुढच्या पौर्णिमेला तिने सगळ्या बायकांना तसं सांगूनही टाकलं.

त्या भरवशावर अक्षदाने लिहिलं. बदलापूरला शिरगावात राहणारी, लग्नाला दोन वर्षं झालेली, नवरा महेंद्र मारायचा. "ताई, ग्रुपवर लिहू का?" असं तिने आत्याला आधी विचारलंही होतं. मग रविवारी लिहिलं: मंगळवारी हे कामावर गेले की मी निघते, कागदपत्रं पिशवीत भरून ठेवलीत, कुणाकडे दोन दिवस राहायची सोय होईल का?

सोमवारी संध्याकाळी महेंद्र आमच्या दारात उभा. "समाजसेवा करते काय तू? घरं फोडते?" त्याने फोन आत्याच्या तोंडासमोर धरला. अक्षदाचा तोच मेसेज, स्क्रीनशॉट. तो गेला, आणि त्याच रात्री अक्षदाला गावी सासूकडे नेऊन टाकलं. तिचा फोन सासूने काढून घेतला.

आत्या एकेका बाईला फोन करत सुटली. ग्रुपमधल्या आठही जणींनी बाबासाहेबांची शपथ घेतली. "मग महेंद्रनेच तिचा फोन चाळला असणार," आत्या म्हणाली. "नाहीतर अक्षदाला कळलं नसतं का?"

तेव्हा मला खरं सांगावं लागलं. "आत्या, व्हॉट्सअ‍ॅप नाही सांगत. स्नॅपचॅट सांगतं. इन्स्टाग्राम फक्त गायब होणाऱ्या फोटोंचं आणि चॅटचं सांगतं, बाकी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदाच बघायचा फोटो असेल तर स्क्रीनशॉट घेऊच देत नाही, पण साधा मेसेज कोणीही काढू शकतं. आणि दुसऱ्या फोनने फोटो काढला तर कुठलंच अ‍ॅप काय करणार?"

 मला दुसरंच काही खात होतं. महेंद्रच्या फोनमधल्या त्या स्क्रीनशॉटवर मेसेजच्या वर नाव होतं, 'अक्षदा शिरगाव'. ज्याच्या फोनमधून स्क्रीनशॉट निघतो, त्याने सेव्ह केलेलं नाव त्यात येतं. मंडळात अक्षदा एकच, बाकी सगळ्यांकडे ती नुसती अक्षदा. दवाखान्यात दुसरी एक अक्षदा असल्यामुळे शिरगाव हे फक्त आत्याने जोडलं होतं.

"आत्या, तुझी गॅलरी उघड."

होता. तिला बारीक अक्षरं दिसत नाहीत. चॅट बोटांनी मोठं होत नाही म्हणून ती स्क्रीनशॉट काढून, ताणून मोठा करून वाचते. तेही मीच शिकवलेलं. "तो फोटो थोडाच होता गं," ती पुटपुटली, "वाचायला घेतलेला." आणि वाचून झाल्यावर तिने तो विहाराचे सचिव हरिचंद्रकाका यांना पाठवला होता. पोरीची राहायची सोय करा म्हणून. काकांना समेटाची हौस. त्यांनी तो महेंद्रच्या मामाला पाठवला, समजूत घाला म्हणून.

मला काकांचा भयंकर राग आला, अजून आहे. आत्या मात्र काकांबद्दल चकार शब्द बोलली नाही. ती फोन उपडा ठेवायला लागली. तो वाजला की दचकायची. मंडळात कोणी काही सांगू लागलं की म्हणायची, "मला नको सांगूस बाई." जेवताना मध्येच विचारायची, "आता तिला मारत असेल का गं?"  घास तसाच राहायचा, तिचाही आणि माझाही.

दोन महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. आत्याने तो मला वाचायला दिला. स्क्रीनशॉट काढणं तिने सोडलं होतं.

"ताई, अक्षदा. शेजारणीच्या फोनवरून लिहितेय. मी बरी आहे, तुम्ही जीवाला लावून घेऊ नका. फोटो कोणी काढला ते माझ्या फोनवर आलंच असेल, तुम्ही म्हणाला होतात ना. सासू फोन परत देईल तेव्हा नाव बघते. तोवर कोणावर संशय घ्यायचा नाही असं ठरवलंय."

 आत्याने माझ्या हातून फोन घेतला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं:

"तुझ्या फोनवर नाव येणार नाही. मी काढला."

दोन्ही टिक निळ्या झाल्या. त्यानंतर काहीच आलं नाही. आत्या अजूनही फोन उघडून बघते.