ट्रॉलीचा दुसरा दिवा

तुमच्या गाडीमागे होडीचा ट्रेलर जोडला की समोरच्या पडद्यावर त्याचं चित्र उमटतं आणि ट्रेलरचा एखादा दिवा गेला तर तसं लिहूनही येतं, हे तुम्ही मागच्या आठवड्यात मला फार कौतुकानं सांगितलंत. मी ऐकून घेतलं. पण असा दिवा मी तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी, वाशिमजवळच्या आमच्या गावात पाहिला आहे. तेव्हा वाशिम हा जिल्हाही नव्हता, अकोला जिल्ह्यातला तालुका होता. त्या दिव्यापायी माझी चूक साऱ्या अंगणापुढे कबूल करायची वेळ माझ्यावर आली होती. नीट क्रमानं सांगते.

तुमच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, परदेशी बनावटीचा ट्रॅक्टर घेतला. मी त्यांना मामंजी म्हणायची. ट्रॅक्टरबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. तुमचे आजोबा नोकरीनिमित्त अकोल्याला, शनिवारी येत. मी नागपूरला बीए झालेली. त्या शिक्षणाचा सासरी पहिला उपयोग झाला तो ट्रॅक्टरला तेल कधी घालायचं हे सांगण्यासाठी.

ट्रॅक्टर चालवायला गावातलाच एक तरुण होता. त्याच्या घरच्यांनी छप्पन सालानंतर धम्म स्वीकारलेला, वडील शेतमजूर. हा सातवी शिकून वाशिमच्या एका गॅरेजात वर्षभर हात काळे करून आला होता. मला वहिनी म्हणायचा. दुपारी ओसरीवर बसून मी पुस्तकातलं एकेक पान मराठीत सांगायची आणि तो ट्रॅक्टरकडे बघून मान हलवायचा. त्याला एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नसे.

मीटरच्या पाटीवर बाण काढलेले दोन छोटे हिरवे दिवे होते. डावा किंवा उजवा इशारा दिला की पहिला लुकलुके, तो ट्रॅक्टरच्या स्वतःच्या दिव्यांसाठी. दुसरा ट्रॉलीसाठी. ट्रॉली जोडलेली असेल आणि तिचा त्या बाजूचा दिवा पेटत असेल तरच दुसराही लुकलुकणार. ट्रॉली नसेल तर तो गप्प, आणि ट्रॉली असून दिवा गेला असेल तरी गप्प. मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मांगं न पाह्यता मांगचं समजते. हे बेस हाय वहिनी."

आता पोळ्याकडे येते. त्या वर्षी सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, ठरवलं की बैलांची शिंगं रंगवायची तर ट्रॅक्टरनं काय पाप केलं? तोही वावरात राबतो. त्याला शिंगं नाहीत, पण जू आहे. जू म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा लोखंडी जबडा, त्यात बसणारी ट्रॉलीच्या दांडीची कडी आणि दोन्हींतून आरपार जाणारी जाड पिन. शिंगांचा तांबडा ऑइलपेंट उरला होता. ते काम माझ्याकडे आलं.

तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. तुमच्या वह्यांना कव्हर घालताना मी कोपरे कसे दुमडते ते तुम्ही पाहिलं आहे. मी जबडा आतून-बाहेरून घासून पुसला आणि दोन हात रंग दिला. कडीला आतल्या बाजूनंही दिला. पिन उन्हात टांगून, फिरवून फिरवून रंगवली. एक ठिपका लोखंड दिसू दिलं नाही. पोळ्याला गावातले लोक बैल सोडून आमचं जू बघायला आले.

त्यानंतर आठवडाभर पाऊस होता. ट्रॅक्टर-ट्रॉली जागेवरच उभी. पाऊस उघडला त्या दिवशी वाशिमला पासिंगचा कॅम्प होता. गाड्या तपासणारे साहेब महिन्यातून एकदा येत. आमची ट्रॉली वाशिमच्या एका वेल्डिंगवाल्यानं बांधलेली, नवी होती. ती पास झाल्याशिवाय रस्त्यावर माल नेता येत नव्हता. मामंजी आदल्या संध्याकाळीच बोलून गेले होते, "उद्या पास झाली तं ठीक. नाही तं मी अकोल्याहून शिकेल-सवरेल डायव्हर आणतो. गावच्या पोराच्या भरवशावर एवढी मशीन ठेवली, लोक हासून राह्यले."

तो ट्रॅक्टर पुसत तिथेच उभा होता. घरी त्याचे आईवडील आणि दोन बहिणी होत्या, आणि थोरलीच्या लग्नाची बोलणी 'भाऊ ट्रॅक्टरवर डायव्हर आहे' या एका वाक्यावर चालली होती. हे मला आत्याबाईंनी सांगितलं.

सकाळी आठला त्यानं ट्रॉली जोडली, पिन टाकली, दिव्यांची वायर खोचली आणि डावा इशारा दिला. पहिला दिवा लुकलुकला. दुसरा गप्प. उजवा दिला, तेच.

मामंजी ओसरीवरून खाली आले. "काहून रे?"

"ट्रॉलीचा दिवा गेला वाटते, काकाजी."

"दोनी बाजूचे एका खेपेले गेले? नवी ट्रॉली हाय ना!"

त्यानं ट्रॉलीचे बल्ब काढले आणि एकेक करून वायरीनं थेट बॅटरीला लावून पाहिले. सगळे लख्ख पेटले. परत बसवले. दुसरा दिवा गप्पच. खोचलेली वायर काढून तिच्या टोकाच्या पिना घासल्या, पुन्हा खोचली. नाही. नऊ वाजले. अंगणात माणसं जमू लागली, आणि जो येई तो सल्ला देई.

"ट्रॅक्टरले पोळा मानवला नाही," एक म्हातारा म्हणाला. "बैलायचा सण त्याचा कायले केला?"

"तुमी गप बसा," आत्याबाई म्हणाल्या. "बैल तरी पोळ्याचं पुरण खाऊन लवकर कुठं उठते?"

लोक हसले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "मीच चुकलो. मशीन हे शिकेल माणसाचं काम."

त्याचे कान तांबडे झालेले मी पाहिले. मी आत जाऊन पुस्तक आणलं आणि पायरीवर बसून पान काढलं. दुसरा दिवा लागत नसेल तर तीन गोष्टी पाहा, असं लिहिलं होतं: बल्ब, वायर आणि 'अर्थ', म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी. तिसऱ्या शब्दापाशी मी अडले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. पण खालचं वाक्य साधं होतं. दिव्याकडे गेलेल्या विजेला बॅटरीकडे परत यायला वाट हवी, आणि गाडीचं लोखंडच ती वाट असतं.

एवढ्यात ट्रॉलीमागून त्याचा आवाज आला. "वहिनी, इकडं या. गंमत पाहा."

त्यानं ट्रॉलीच्या मागच्या तांबड्या दिव्यांवर पोतं धरून अंधार केला होता. डावा इशारा चालू होता. डावा दिवा मेलेला, आणि ज्यांना कुणी पेटायला सांगितलं नव्हतं ते तांबडे दिवे मंद मंद लुकलुकत होते.

"वीज येऊन तं राह्यली," तो म्हणाला, "पण भलतीकडूनच चालली."

"तिला परत जायची वाट सापडत नाही," मी म्हणाले. "पाटाचं तोंड बुजलं की पाणी दुसऱ्याच सरीत शिरतं, तसं. ट्रॉलीतून ट्रॅक्टरमध्ये ती परत कुठून जाते?"

"वायरीतून नाही. वेल्डिंगवाल्यानं चारच वायरी टाकल्या, साऱ्या जायच्या. यायची..." तो थांबला. दोघांनीही एकाच वेळी माझ्या त्या सुंदर, तांबड्याभडक, कुठेही लोखंड न दिसणाऱ्या जुवाकडे पाहिलं.

त्यानं गोठ्यातून विळा आणला. विळ्याचं टोक ट्रॉलीच्या एका उघड्या बोल्टावर टेकवलं आणि पातं ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडावर दाबलं. मला म्हणाला, "पाटीवर पाहा."

दुसरा दिवा लुकलुकला. त्यानं विळा उचलला, विझला. टेकवला, लागला.

"लागला!" मी ओरडले. सुनेनं अंगणात ओरडायची ती त्या घरातली पहिलीच वेळ असावी.

मामंजी जवळ आले. "काय सापडलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "सापडलं काकाजी. जुवात जराशी घाण बसली होती. मीच पाह्यली नाही."

आजही मला त्याच्या त्या वाक्याचा राग येतो आणि डोळेही भरून येतात. तो माझ्यासाठी खोटं बोलत होता आणि त्या खोट्यात त्याची नोकरी जाणार होती. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "मामंजी, घाण नाही. रंग आहे. लोखंडाला लोखंड टेकूच नये इतका मी दिला. ह्या डायव्हरांची काही चूक नाही. उलट पुस्तकात नव्हतं ते पोतं धरून ह्यांनीच शोधलं."

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "रंग द्याले मी सांगतलं होतं. आता अकोल्याहून शिकेल सासू आणता का?"

मामंजींच्या मिशा हलल्या. मग हसू फुटलं ते थांबेचना. "खरवडा," ते म्हणाले. "चला, साऱ्यायनं खरवडा!"

पिन मी स्वतः विटेच्या तुकड्यानं घासली. त्यानं जबडा आणि कडी विळ्यानं खरवडली. दहा मिनिटांत लोखंड चकाकू लागलं. पिन टाकली, इशारा दिला. दोन्ही हिरवे दिवे जोडीनं लुकलुकले आणि म्हाताऱ्यानं टाळी वाजवली.

वाशिमला मीही गेले, पुस्तक मांडीवर घेऊन, ट्रॉलीत चटईवर. साहेब मागे उभे राहिले, डावा सांगितला, उजवा सांगितला, ब्रेक सांगितला. मग त्यांनी विचारलं, "परत यायची वायर नाही तुमच्या ट्रॉलीला. जुवाचा भरवसा किती?"

"आज सकाळीच समजलं साहेब," तो म्हणाला. "इथूनच वायर टाकून जातो. पाचवी."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मामंजींना म्हणाले, "डायव्हर कुठला तुमचा?"

मामंजी मडगार्डवरून उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "गावचाच हाय. आमच्या घरचाच समजा."

ट्रॉली पास झाली. वायर त्यानं तिथेच स्वतः टाकली. अनसिंगच्या रस्त्यानं परत येताना सारा वेळ मामंजी त्याच्या शेजारी मडगार्डवर बसून होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी प्रत्येक वळणावर ते हुकूम देत, "दे डावा!" आणि खाली वाकून पाटीकडे बघत. दोन्ही दिवे लुकलुकले की मागे वळून मला सांगत, "लागले वं सूनबाई, दोनी लागले!"