कमरेइतकी काठी

लढाईच्या शेवटच्या उन्हाळ्यात आमची पायोनियर कंपनी ब्रह्मदेशात होती. पायोनियर म्हणजे खांद्यावर बंदूक आणि हातात फावडं. रस्ते दुरुस्त करायचे, पूल उभारायचे, खड्डे खणायचे. लोकांना वाटतं फौजेत गेलेला माणूस रोज गोळ्या झाडतो. मी बहुतेक माती उपसली, आणि बऱ्यापैकी उपसली.

आमची प्लाटून एका कोरड्या नदीच्या काठावर उतरली होती. चार सेक्शन, प्रत्येकात दहाएक माणसं. त्यातल्या एका सेक्शनचा लान्स नाईक मी. पात्र आमच्या गावच्या तेरणा नदीएवढंच रुंद, वाळूही तशीच, पिवळसर. दुपारी वाळूवरची हवा हलू लागली की पलीकडचा काठ पाण्यावर तरंगतोय असं वाटे. डोळे अर्धे मिटले की मला माकणीच्या खालच्या अंगाचं आमचं गाव दिसायचं. बाया घागरी घेऊन पात्रात उतरलेल्या असायच्या, आणि त्यांच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा यायचा. मग कुणीतरी हाक मारायचं आणि मी परत ब्रह्मदेशात असायचो.

दस्तगीर माझ्या सेक्शनमध्ये होता. माझ्याच गावचा, माझ्याबरोबरच भरती झालेला. त्याचे वडील कासिमचाचा गावच्या शाळेत शिपाई होते. उन्हाळ्यात त्यांना आणखी एक काम असे, ते त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. तेरणा आटली की गावातलं प्रत्येक घर पात्रात झिरा खणतं. झिरा म्हणजे वाळूतला खड्डा, त्यात पाणी झिरपून साचतं. कासिमचाचा रोज सकाळी बाभळीची काठी घेऊन सगळ्या झिऱ्यांवरून फिरत. काठी त्यांच्या कमरेइतकी. ती झिऱ्याच्या बुडाला टेकवायची, आणि तिचं वरचं टोक काठाच्या खाली गेलं तर त्या घराला वाळू परत लोटायला लावायची. मग ते घर पाटलाचं असो नाहीतर आमचं. कुणी हुज्जत घातली तर चाचा काठी तशीच टेकवून तिथं उभे राहत. समोरचा कंटाळून वाळू लोटायचा.

तर त्या नदीवर आम्हाला दिवसाआड पाण्याची गाडी यायची. एके दिवशी ती आली नाही. सकाळी आठ वाजता हवालदारसाहेब वायरलेसवर बसले.

"पानी कब? ओव्हर."

"पुल टूटा है. तीन दिन लगेंगे. ओव्हर."

"तीन दिन?"

"तीन दिन. आउट."

हवालदारांनी हुकूम दिला, प्रत्येक सेक्शननं आपापला खड्डा खणायचा. ओल फक्त एका वळणापाशी होती, म्हणून चारही खड्डे शेजारी शेजारी पडले. मधे सहा-सात फुटांची वाळू. कमरेइतकं खणल्यावर पाणी लागलं. चारही खड्ड्यांत सारखंच. संध्याकाळपर्यंत प्रत्येक माणसाची बाटली अर्धी भरली. अर्ध्या बाटलीवर उन्हात काम होत नाही, पण माणूस मरतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अक्कल सुचली. आमचा खड्डा मी हातभर आणखी खोल करायला लावला. दहा वाजेपर्यंत आमच्या सगळ्या बाटल्या काठोकाठ भरल्या. हवालदारांनी पाठीवर थाप मारली. "शाबास, नाईक. बाकी सेक्शन देखो, सीखो." मी असा फुगलो की पट्टा घट्ट व्हायची वेळ आली.

दस्तगीर खड्ड्यात वाकून पाण्याकडं बघत होता.

"शंकर, पाणी वाढलं न्हाय," तो म्हणाला. "बाजूच्यांचं आपल्याकडं आलंय. त्यांचं बघ, खाली गेलं."

"आलंय न्हवं? मग पी."

"अब्बा असते तर काठी टेकवली असती."

"अब्बांची काठी तेरणेत ऱ्हाऊ दे," मी म्हणालो, आणि हसलो. तोही हसला. त्याला माझ्यावर रागावता यायचं नाही.

बाकीचे सेक्शन शिकले. दुपारपर्यंत चारही खड्डे हातभर खोल झाले आणि आमचं पाणी पुन्हा अर्ध्या बाटलीवर आलं. मग मी आणखी हातभर उतरवायला लावलं. मग त्यांनी उतरवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी खड्ड्यातल्या माणसाचं डोकं वरून दिसत नव्हतं. पाणी आता तेवढंही येत नव्हतं, गढूळ यायचं, आणि ते वर ओढायला दुप्पट घाम जायचा. तीन वाजता दस्तगीर आत होता. मी काठावर होतो. मी म्हणालो, "अजून एक हात."

साडेतीनला आमच्या आणि शेजारच्या खड्ड्यामधली वाळू बसली. आवाज असा झाला नाही. पोत्यातून ज्वारी सांडते तेवढाच. आम्ही सगळ्यांनी हातांनी, फावड्यांनी उपसलं. वीस मिनिटं लागली. तोवर त्याला हाक पोचत नव्हती.

त्याला आम्ही उंच काठावर पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाण्याची गाडी आली.

मी गावी परतलो तेव्हा कासिमचाचांना एवढंच सांगितलं की काम करताना दरड कोसळली. यात खोटं काही नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "तहानेला न्हवता न्हवं?" मी न्हाय म्हणालो. त्या वर्षी चाचांनी काठी घराच्या कोपऱ्यात ठेवली ती उचललीच नाही. लोकांनीही त्यांना उचला म्हटलं नाही. मुलगा गेलेल्या माणसाला कोण म्हणणार?

पुढच्या उन्हाळ्यात एका घरानं झिरा छातीइतका नेला. मग सगळ्यांनी नेला. वैशाखात झिरे गळ्याच्याही वर गेले, आणि अंगानं बारीक म्हणून लोक पोरांना आत उतरवू लागले. एका सकाळी मी पात्रात उभा राहून बघत होतो. ऊन कोवळं होतं, वाळू चकाकत होती आणि जमिनीच्या पोटातून पोरांचे आवाज येत होते. पोरं दिसत नव्हती. मला क्षणभर कळेना मी कुठल्या नदीत उभा आहे.

मी हेडमास्तरांकडं गेलो. आमचं गाव निजामाच्या राज्यात, म्हणून ते उर्दूतून शिकवायचे, पण मराठी आमच्यापेक्षा साफ बोलायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या शाळेच्या सभेत बोला. एकाला जमतं ते सगळ्यांना जमेल, असं मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. ते का चुकतं तेवढं दाखवा."

सकाळी साडेसातला सभा भरली. आधी निजामसरकारसाठीची दुआ झाली. कडुलिंबाखाली मुलं ओळीनं बसली होती, काही पेंगत होती. मला वाळू लागणार होती. एक घमेलं ओली वाळू कासिमचाचांनीच नदीवरून आणून ठेवली, आणि ते घंटेपाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्याकडं बघायचं मी टाळलं.

मी घमेल्यात पाणी ओतलं, वाळूत बोटांनी चार खळगे केले आणि चार मुलांना पुढं बोलावलं. चारही खळग्यांत सारखं पाणी आलं. पहिल्या पोरीला म्हणालो, तुझा खोल कर. तिचा भरला, बाकीच्या तिघांचे सुकत आले.

"पाणी वाढलं?" मी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्यांचं माझ्याकडं आलं."

"आता तुम्ही तिघंबी खोल करा."

त्यांनी केलं. चारही खळग्यांत पाणी पुन्हा सारखं झालं, पण बोटभर खाली. मी आणखी खोल करायला लावलं. तिसऱ्या खेपेला मधल्या भिंती बसल्या आणि चार खळग्यांचा एकच चिखल झाला. मुलं हसली.

मी म्हणालो, "हिचा खळगा खोल होता म्हणून भरला न्हाय. दुसऱ्यांपेक्षा खोल होता म्हणून भरला. सगळ्यांनी खोल केल्यावर ते 'दुसऱ्यांपेक्षा' कुठं ऱ्हायलं? पाणी होतं तेवढंच. आणि एकट्या खळग्याला चहूबाजूंची वाळू धरून असते. सगळ्यांनी खणलं की धरायला वाळूच उरत न्हाय."

मागून एक मोठं पोरगं उठलं. "मग एकाला चांगलं ते सगळ्यांना वाईटच का?"

प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, "न्हाय. एकानं पाय धुतले तर त्याचे पाय साफ. सगळ्यांनी धुतले तर सगळ्यांचे साफ. तिथं एकाचा फायदा दुसऱ्याच्या वाट्यातून येत न्हाय. म्हणून आधी विचारायचं, माझा फायदा येतोय कुठून? दुसऱ्याच्या मागं पडण्यातून येत असंल, तर तो सगळ्यांना मिळणार न्हाय."

इथं थांबलो असतो तर भाषण चांगलं झालं असतं. पण मी घंटेकडं बघितलं, आणि मग थांबता आलं नाही. ब्रह्मदेशातली नदी सांगितली. चार खड्डे सांगितले. शाबासकी सांगितली. दस्तगीरनं काठीची आठवण काढली आणि मी हसलो, हे सांगितलं. "अजून एक हात" हे कोण म्हणालं तेही सांगितलं. चाचांना मी तहानेबद्दल न्हाय म्हणालो होतो, खरं उत्तर व्हय होतं, हेही सांगितलं. मला लाज वाटत होती आणि ती सगळ्यांना दिसत होती.

कासिमचाचांनी घंटा वाजवली. रोज वाजवत तेवढीच. मुलं वर्गात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी फावडं घेऊन पात्रात गेलो. चाचा आधीच आले होते. हातात काठी होती. पहिल्या झिऱ्यात त्यांनी ती सोडली तर सगळी आत गेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"लोट वाळू."

मी लोटली. ज्यांचे झिरे होते त्या घरांची माणसं जमली. त्यांच्या पोरांनी घमेल्याची गोष्ट आदल्या दिवशीच घरोघरी नेली होती, त्यामुळं हुज्जत फारशी झाली नाही. दुपारपर्यंत सगळे झिरे कमरेवर आले. आम्ही काठावर बसलो. पाणी वाळूतून हळूहळू वर येत होतं.

"काठीचं त्यानं बोलून दाखवलं व्हतं?" चाचांनी विचारलं.

"व्हय, चाचा. अब्बा असते तर टेकवली असती, म्हणाला."

"म्हंजे ध्यानात व्हतं त्याच्या," ते म्हणाले. मग उपरण्यानं तोंड पुसून ते शाळेकडं गेले, कारण दुपारची घंटा व्हायची होती.

चाचा वारल्यापासून काठी माझ्याकडं आहे. मी त्यांच्यापेक्षा उंच, त्यामुळं ती माझ्या कमरेला चार बोटं कमी पडते. मी ती बदललेली नाही. उन्हाळ्यात रोज सकाळी पहिल्या झिऱ्यात काठी टेकवताना मी नाव घेतो. दस्तगीर कासिम, पायोनियर, माझा सेक्शन. तो जिथं आहे त्या नदीचं नाव मला कधीच कळलं नाही.