वॉचमनचा मोठा डब्ल्यू

सरांनी मला बारावीला भूगोल शिकवला. पुढं मी इंग्रजीत एम. ए. करून त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, तेव्हा सगळे मला 'मॅडम' म्हणायला लागले, सर मात्र 'अगं पोरी'च म्हणत राहिले. मला ते फार आवडायचं. तासिकेवरच्या माणसाला दरवर्षी नेमणुकीचा नवा आदेश लागतो, त्यावर प्राचार्यांची सही लागते, आणि सही करताना प्राचार्य एकदा तरी सरांकडं बघतात, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं. सर आपले आहेत, म्हणजे आदेश आपला आहे, असं मी धरून चालले होते.

बाहेरची समिती महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला येणार होती. त्यासाठी इंग्रजीत जाडजूड अहवाल लिहायचा असतो. सर त्याचे समन्वयक, आणि इंग्रजी नीट करायला त्यांनी मला सोबत घेतलं. प्रत्येक विभागानं आपापला मजकूर पाठवला, आणि तो सगळा एकत्र केल्यावर जे समोर आलं ते बघून मी कपाळाला हात लावला. एका पानावर प्रोफेसर मोठ्या अक्षरानं, म्हणजे पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्या पानावर लहान. रसायनशास्त्राच्या लोकांनी स्वतःचा विषय मोठा लिहिलेला, इतिहास लहान. इतिहासवाल्यांनी बरोब्बर उलटं केलेलं. उन्हाळा, पावसाळा, पूर्व, पश्चिम, जो शब्द ज्याला महत्त्वाचा वाटला त्याच्या डोक्यावर त्यानं मोठं अक्षर ठेवून दिलं होतं.

"हे असं गेलं तर समिती आपल्याला हसंल," सर म्हणाले. "तू नियम कर. मी पाठीशी हाय."

दिवाळीच्या सुट्टीत भूगोल विभागात बसून आम्ही नियम केले. नावाच्या आधी लागून आलं तर पद मोठ्या अक्षरानं, एरवी वाक्यात लहान. सहीखाली पद मोठं. ऋतू लहान. दिशा लहान, पण एखाद्या प्रदेशाचं रूढ नाव असेल तर मोठी, म्हणजे ईशान्य भारत मोठा आणि 'मैदानाच्या ईशान्येला' लहान. विषय लहान, पण भाषांची नावं मोठी, आणि विभागाचं किंवा पेपरचं पूर्ण नाव असेल तर तेही मोठं.

यावर सर खोटंखोटं चिडले. "म्हंजे तुझं इंग्लिश मोठं आन् माझी जिऑग्राफी बारकी? हा कुठला न्याय?"

"सर, भाषेचं नाव देशावरनं, लोकांवरनं येतं. जिऑग्राफी कुठल्या गावची?"

"पैठणची लिही," म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर चहा सांडेपर्यंत हसले. ते पैठणकडचे, गोदाकाठच्या शेतकऱ्यांच्या घरातले. मान्सूनसाठी मात्र ते खरोखर भांडले. भूगोलाच्या माणसानं मान्सूनला लहान लिहायचं म्हणजे सासऱ्याला अरेतुरे करण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मानले. ते दिवस चांगले होते, हे मला आजही नाकारता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

मी सगळं हातानं केलं. संगणकाला 'हा शब्द शोध आणि बदल' असं सांगता येतं, पण त्याला वाक्याची सुरुवात कळेलच असं नाही, नावाआधीचं पद आणि नुसतं पद यातला फरक तर मुळीच नाही. तो सरसकट चालतो. म्हणून प्रत्येक जागी थांबायचं, वाक्य वाचायचं, मग हात लावायचा.

मसुदा तयार झाल्यावर प्राचार्यांच्या दालनात बैठक झाली. अहवाल भिंतीवरच्या पडद्यावर लावला होता. पहिलंच पान प्राचार्यांचं मनोगत. 'या महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून मला आनंद होतो' अशा अर्थाचं पहिलं वाक्य, आणि त्यात प्रिन्सिपलचा पी लहान. नियमानं बरोबर होता. खाली सहीशी पद मोठ्या पीनं होतंच. पण प्राचार्यांची नजर वरच्याच पीवर थांबली.

"हे कुणी केलं?"

आमच्याकडं पत्रिकेत नावामागं काय लावलं, सत्काराला खुर्ची कितवी, यावरून माणसं वर्षभर बोलत नाहीत. मोठं अक्षर हा त्यातलाच मान. मला हे कळायला हवं होतं, पण मी निश्चिंत होते, कारण उत्तर द्यायला सर होते. मी त्यांच्याकडं बघितलं.

सर पडद्याकडं बघत होते. "मॅडमनं बघितलंय ते," म्हणाले. "माझी नजर नाय गेली त्याच्यावर."

मॅडम. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी तो शब्द ऐकला. मी नियम सांगायला लागले, पण प्राचार्यांनी हात वर केला आणि "दुरुस्त करून घ्या" एवढंच म्हणाले. बैठक पुढं सरकली.

बाहेर व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. "अगं पोरी, तिथं भांडून काय मिळालं असतं? तुझ्या आदेशावर त्यांचीच सही हाय ना? मी तुलाच वाचवलं." मी ते खरं मानलं. मानायचंच होतं मला. म्हणाले, "फक्त त्यांचं पद मोठं कर आन् मिटव."

"एकाचं मोठं आणि बाकीच्यांची लहान, असं चालत नाही, सर. करायचं तर सगळ्यांचं. एकच रीत ठेवायची, मग ती चूक ठरत नाही."

"मग कर सगळ्यांचं," ते म्हणाले. "व्हय, तसंच कर."

तसंच केलं. पुन्हा पहिल्या पानापासून बसले. प्रिन्सिपल, प्रोफेसर, लायब्ररियन. मग क्लार्क, लॅब अटेंडंट, प्यून. तासिकेवरचे आम्ही लेक्चरर, तेही. आणि सुरक्षेच्या प्रकरणात वॉचमन.

माझे वडील, अण्णा, खुलताबादच्या एका शाळेत वॉचमन होते. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, अण्णांनी काठी तीच ठेवली आणि शाळेच्या फाटकावर उभे राहिले. इंग्रजी येत नाही त्यांना, पण त्यांच्या केबिनवर तो शब्द रंगवलेला होता, त्यामुळं तेवढा एक शब्द ते चेहऱ्यानं ओळखतात. सरांना हे माहीत होतं. मी वॉचमनचा डब्ल्यू मोठा करत होते तेव्हा ते मागं उभे होते. खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, "घे, बापाला बी मोठं केलंस."

त्या आठवड्यात मी अण्णांना फोनवर सांगितलं. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात वॉचमन आता प्रिन्सिपलसारखाच लिहिलाय, पहिलं अक्षर मोठं. ते म्हणाले, "लई मोठं?" मी म्हटलं, प्रिन्सिपलच्या पीएवढं. ते हसले. "छापल्यावर आण मंग. बघू तरी."

अहवाल छापून आला. मी सगळ्यात आधी सुरक्षेचं पान उघडलं. वॉचमन लहान होता.

आधी वाटलं, छापखान्यातली चूक. मी पानं चाळली. प्यून लहान, क्लार्क लहान. लेक्चरर, जिथं आम्ही तासिकेवरचे, तिथं लहान. प्रोफेसर मोठे, लायब्ररियन मोठे. प्राचार्य तर जागोजागी मोठे.

मी भूगोल विभागात गेले. सर जिल्ह्याचा नकाशा गुंडाळत होते.

"सर, हे कुणी बदललं?"

"छापखान्याच्या पोट्ट्यानं काहीतरी केलं असंल," ते म्हणाले. "त्या लोकांना काय कळतं?" मग नकाशाला दोरी बांधता बांधता, जसं काही दुसरंच बोलतायत तसं म्हणाले, "आन् खरं सांगू का, सगळ्यांनाच मोठं केलं तर मोठं कोण ऱ्हातंय?"

घरी जाऊन मी तो अहवाल पहिल्यापासून वाचला. मला एकच जागा हवी होती. चुकीनं राहून गेलेला एक मोठा क्लार्क, किंवा वाक्याच्या सुरुवातीलाच लहान होऊन बसलेला एक प्यून. तेवढं सापडलं असतं तरी मी म्हटलं असतं, घाईत कुणा परक्यानं सरसकट शोधून बदललंय. पण वाक्याच्या सुरुवातीचे वॉचमन जसेच्या तसे मोठे होते, फक्त मधले लहान झाले होते. आमच्या क्लार्कच्या नावाआधी लागून आलेलं पद मोठंच ठेवलं होतं. शीर्षकांना धक्का नव्हता. इंग्लिश मोठी, जिऑग्राफी लहान, मैदानाची ईशान्य लहान, मान्सूनसुद्धा लहान. प्रत्येक जागी थांबून, वाक्य वाचून, मग हात लावला होता. असं काम करणारी महाविद्यालयात दोनच माणसं होती, आणि त्यातली एक मी होते.

मी रडले. लहान अक्षराचं मला खरंच काही नव्हतं, पहिला नियम तर मीच केला होता, त्यात सगळेच लहान होते. पण सरांनी माझ्याकडून शिकलेलं सगळं नीट वापरून आम्हालाच खाली बसवलं होतं, आणि मागं उभं राहून 'बापाला मोठं केलंस' म्हणणारा माणूस तोच होता. रागावू म्हटलं तरी आधी लाजच वाटत होती, मी त्यांना किती आपलं मानलं याची.

समिती आली, अहवाल नीटनेटका आहे म्हणून गेली. माझा पुढच्या वर्षीचा आदेशही निघाला. सरांनी शब्द टाकला असेलच, ते तसे विसरणारे नाहीत. व्हरांड्यात दिसले की अजून "अगं पोरी" म्हणतात आणि मी "नमस्कार, सर" म्हणून पुढं जाते. भूगोल विभागात चहाला जात नाही.

मध्ये खुलताबादला गेले होते. अण्णा ओट्यावर बसले होते. मी पाणी पिते न पिते तोच त्यांनी विचारलं, "ते पुस्तक आणलंस व्हय?"

अहवाल माझ्या पिशवीत होता. इतके दिवस तो पिशवीतच असतो, काढून ठेवायचं सुचत नाही.

"नाय अण्णा," मी म्हटलं. "अजून छापून आलं नाय."

"येऊ दे," ते म्हणाले. "मोठं अक्षर हाय म्हंजे टाइम लागंल."