तीनशे शब्दांची झडती

चिंतामण सर नाशिक रोडच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मराठी शिकवतात. शिकवणं म्हणजे पिवळी पडलेली वही उघडून उतरवून देणं. पूर्णविरामही ते मोठ्याने सांगतात. समोर पन्नास माना वाकलेल्या. ट्युटोरियलच्या वह्यांवर तारीख बघून ते सही ठोकतात.

यंदा सायखेड्याच्या मनालीने गावच्या पुरावर निबंध दिला. सरांनी तो, दुर्दैवाने, वाचला.

“हा हिचा नाही,” ते म्हणाले. “चांगला आहे.”

प्रकरण चौकशी समितीकडे गेलं. चोरी ठरली तर मनालीचं वर्ष जाणार होतं. समितीच्या प्रमुख उत्तरा मॅडम, संख्याशास्त्राच्या. सरांनी मनालीची जुनी तीन ट्युटोरियल्स आणि निबंध शेजारी ठेवून रविवारभर शब्दांची मोजणी केली होती.

“आधी लांबी सारखी करा,” मॅडम म्हणाल्या. “निबंध बाराशे शब्दांचा, ट्युटोरियल तीनशेचं. मजकूर वाढला की शब्द परत परत येतात, मग शब्दसंपत्ती उगाच कमी दिसते.”

तीनशे-तीनशे शब्दांचे तुकडे घेतले. ट्युटोरियलमध्ये वेगवेगळे शब्द एकशे सत्तर, निबंधात दोनशेच्या वर. वाक्य तिथे सरासरी तेवीस शब्दांचं, इथे नऊ. आणि लिहिणाऱ्याच्या नकळत येणारे बारीक शब्द: तिथे पानोपानी ‘तथा’ आणि ‘अर्थात’, इथे ‘पण’, ‘मग’, ‘तर’.

सर खुर्चीत मागे रेलले. पोलिसाला पायाचा ठसा सापडावा तसा चेहरा.

“लिहिणारे दोन आहेत एवढंच यावरून दिसतं,” मॅडम म्हणाल्या. “त्यातली मनाली कोण, ते नाही.” त्या मनालीकडे वळल्या. “बोल गं.”

“निबंध माझा आहे, मॅडम. ट्युटोरियल माझी नाहीत.”

“मग कुणाची?” सरांनी विचारलं.

“तुमची, सर. तुम्ही सांगता, आम्ही उतरवतो.”

मॅडमनी वर्गातल्या आणखी चार वह्या मागवल्या, शिवाय सरांची पिवळी वही. सगळीकडे तेवीस. सगळीकडे ‘अर्थात’. मग मनालीला तिथेच बसवून तासभर लिहायला लावलं, विषय आयत्या वेळी दिला. वाक्य दहा शब्दांचं आलं; ‘पण’ आणि ‘मग’ निबंधाच्याच प्रमाणात.

“एवढ्या मजकुरावर मी पैज लावणार नाही,” मॅडम म्हणाल्या, “पण हिला चोर म्हणायला काही उरलेलं नाही.” मनालीचं वर्ष वाचलं.

सरांनी एकच विनंती केली: अहवालात पिवळ्या वहीचा उल्लेख नको. मॅडमनी तो परिशिष्टात टाकला, तक्त्यासकट.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, वही उघडली, पानाच्या कडेला नवीन दोन ओळी होत्या.

“लिहून घ्या. विद्यार्थ्याने निबंध स्वतःच्या भाषेत लिहावा, अर्थात वाक्ये लहान ठेवावीत. पूर्णविराम.”

पन्नास माना वाकल्या. मनालीचीही, ट्युटोरियलचे दहा गुण अजून सरांच्याच हातात होते.