पिवळ्या पेट्या आणि आमचा माच

आमच्या घरी अक्षय तृतीयेला पितरांच्या ताटात आंबा वाढल्याशिवाय कोणी आंबा तोंडात घालत नाही. शहापूरला हायवेच्या कडेला आम्ही आंबेच विकतो, तरी हा नेम मोडत नाही. म्हणून सणाआधीचा माल आम्हाला चाखून नाही, डोळ्यांनीच ओळखावा लागतो.

त्या वर्षी आमचा माच, म्हणजे तणसात, भाताच्या पेंढ्यात, पिकायला घातलेले आंबे, अर्धाच तयार होता. सणाच्या आदल्या दिवशी नवऱ्याने तुमसरच्या बाजारातून चार पेट्या आणल्या. मी झाकण काढले. सगळे आंबे एकाच पिवळ्या रंगाचे, साल तेल पुसल्यासारखी चकाकत होती. तणसातला आंबा असा होत नाही. तो एका बाजूने पिवळा, दुसऱ्या बाजूने हिरवट राहतो, आणि साल मळकटच दिसते.

"हे पावडर टाकून पिकवले जी," मी म्हणाले.

"तुले काय समजते? गिऱ्हाइकाले पिवळाच पायजे. तुह्या हिरव्या डागाचे कोण घेईन?"

वाद घालणे मला जमत नाही. मी सुरी घेतली आणि पेटीतला एक कापला. सालीजवळ पिवळा, पण कोयीजवळ पांढरट, घट्ट. मग माचातला डागाचा कापला. सालीपासून कोयीपर्यंत एकच केशरी, रस सुरीवर आला. दोन्ही फोडी नवऱ्यापुढे ठेवल्या.

"उद्या मामाजीच्या ताटात कोणता वाढू?"

मामाजी, म्हणजे माझे सासरे, वारल्यानंतरची ती पहिलीच अक्षय तृतीया होती. नवऱ्याने पेटीतल्या आंब्याची फोड बाजूला सारली.

"अन दुकानात काय ठेवशीन? तणस?"

"माचातले पिकले तेवढे निवडीन."

दुपारी मी दुकानात एकटी बसले. पहिलीच बाई थांबली आणि नाक मुरडून म्हणाली, "बाई, हे तं कच्चे दिसून राहिले. पलीकडच्या दुकानात पाहा, कसे सोन्यावानी आहेत!"

एक आंबा कापून मी तिच्यासमोर धरला. तिने फोड दाबली, वास घेतला.

"अगं माय! अन वरून कसा भिकाऱ्यासारखा!" असे म्हणून तिने पिशवी उघडली. सगळे असे थांबले नाहीत. बरेच जण पलीकडे गेले. मी पेट्यांना मात्र हात लावला नाही.

सणाला मामाजीच्या ताटात माचातलाच आंबा वाढला. सण झाल्यावर नवरा पेट्या परत द्यायला निघाला, तेव्हा मीही गाडीत बसले. बाजारात सगळे पुरुष. व्यापारी हसला, "आता बाया माल पाहाले येतेत का?"

मी पदर खोचला आणि नव्या ढिगातला एक आंबा उचलला.

"दादा, सुरी द्या. कापून पाहिल्याबिगर घेणार नाही."