हौसाचे चार शब्द

हौसाला सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागून चार वर्षं झाली होती. ट्रंक कॉलवर माणसं तीन मिनिटांत काय काय बोलतात हे ती रोज ऐकत होती. बाळंतपण, भांडण, जमिनीचा सौदा, सगळं त्यात बसायचं. पण वडिलांच्या दुसऱ्या लग्नात बोलायचे चार शब्द तिला आठ दिवस झाले तरी जुळत नव्हते.

तिचे वडील नाथाजी पलटणीत ऑफिसरांच्या मेसला स्वयंपाकी होते. पेन्शनीवर रहिमतपुरात येऊन राहिले आणि दोन वर्षांनी हौसाची आये, येसूबाई, गेली. आता ते चंद्राबाईंशी लग्न करणार होते. चंद्राबाई मेढ्याच्या, त्याही विधवा, शिवणकाम करून राहणाऱ्या. हौसापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या.

"तू बोलायचंस," नाथाजी म्हणाले होते. "मेसमदी लग्नाची पार्टी असली की घरचं एक माणूस उठायचं. चार शब्द बोलायचं, पेला उचलायचं, की सगळी उठून पेला उचलायची. लय चांगली रीत हाय."

"आपल्यात कुठं हाय ही रीत?"

"आपल्यात आता सगळंच नवं हाय. त्यात ही एक. फकस्त थोडं बोल. जे सायेब थोडं बोलायचे, त्येंच्या वक्ताला चपात्या गरम ऱ्हायच्या."

हौसानं हो म्हटलं आणि मग ती गोंधळातच पडली. आनंद झालाय म्हणावं तर ते पुरतं खरं नव्हतं. वाईट वाटतंय म्हणावं तर तेही खरं नव्हतं. वडिलांनी एकटं राहू नये असं तीच दर सुट्टीत म्हणत आली होती.

पहिल्या खेपेला तिनं जे जुळवलं, ते अर्ध्याहून जास्त आयेबद्दलच निघालं. ते चंद्राबाईंसमोर बोलायचं म्हणजे नव्या बाईला दारातच उभं करून ठेवण्यासारखं होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला आयेचं नाव मुळीच घेतलं नाही. तेही जमेना. ज्यांच्या मनात येसूबाई होती, ते सगळे तिच्या तोंडाकडेच बघत बसले असते. शेवटी तिनं क्रम ठरवला. आधी वडिलांची एक गंमत, पण त्यांना स्वतःला हसू येईल अशीच. मग आयेचं एकच वाक्य. मग चंद्राबाईंचं स्वागत, त्या जशा आहेत तशा. कुणाच्या जागी आल्या म्हणून नव्हे. मग शुभेच्छा, आणि खाली बसायचं.

एकच गाठ सुटेना. चंद्राबाईंना म्हणायचं काय? आये तर एकच होती. मावशी म्हणावं तर नातं नाही. नुसतं चंद्राबाई म्हणावं तर भावकी म्हणणार, पोरीनं बाईला घरात घेतलंच नाही. हौसा ज्या नावानं हाक मारील तेच नाव सगळी गल्ली धरणार होती, आणि चंद्राबाईंचं घरातलं स्थानही त्यावरच ठरणार होतं.

लग्न रहिमतपुरात समाजमंदिराच्या अंगणात लागलं. टेबलावर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, पुढं मेणबत्त्या. गल्लीतल्या वडीलधाऱ्या तात्याबांनी त्रिशरण, पंचशील म्हणून घेतलं. दोघांनी एकमेकांना हार घातले, फुलं पडली, "साधु, साधु" झालं. लिंबाच्या सरबताचे पितळी पेले फिरले. आता हौसानं उठायचं होतं.

पण सूत्रं भाऊसोच्या हातात होती. भाऊसो तालुक्याचा कार्यकर्ता. गावातली प्रत्येक सभा तोच चालवायचा, आणि ही नवी बौद्ध पद्धतीची लग्नं कशी चालवायची हे अजून कुणालाच धड ठाऊक नसल्यानं, तीही तो सभेसारखीच चालवायचा. अध्यक्षांची सूचना झाली, अनुमोदन झालं. मग तो गंभीर आवाजात म्हणाला, "पुढील कार्यक्रमाआधी, नाथाजींच्या दिवंगत पत्नी येसूबाई यांना आदरांजली म्हणून आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

सगळे उठले. कुणाच्या हातातला सरबताचा पेला भरलेला, कुणाचा अर्धा. पेला खाली ठेवावा की धरून राहावं हेही कुणाला कळेना. नाथाजी सवयीनं सावधानमध्ये ताठ झाले. चंद्राबाईंनी आधी मान खाली घातली. मग त्यांचा हात गळ्यातल्या हाराकडं गेला. काढायचा असतो की काय, असं त्यांना वाटलं असावं. हार अर्धा उचलून त्या तशाच थांबल्या.

हौसानं तो हात बघितला. आयेसाठी डोळे भरून यायला हवे होते आणि भरूनही आले, पण ते आयेसाठी की त्या अर्ध्या उचललेल्या हारासाठी, हे तिला सांगता आलं नसतं. जुळवलेला क्रम गेला. आता हे लोक खाली बसले, की हे लग्न शोकसभा होऊनच संपणार.

"आता कन्या हौसाबाई मनोगत मांडतील," भाऊसो म्हणाला. "सर्वांनी बसून घ्यावं."

"बसू नका," हौसा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "जरा वेळ उभेच राहा. पेले हातात असू द्या."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"आयेसाठी उभं राहिलात, बरं वाटलं. पण दारात आलेल्याला उभं ठेवलेलं तिला आवडायचं नाही. ती म्हणाली असती, झालं की आता, सरबत प्या."

मागं बायकांत कुणीतरी हसलं. चंद्राबाईंच्या हातातून हार सुटला आणि पुन्हा गळ्यावर बसला.

"माझ्या वडिलांनी पलटणीला जेवू घातलं. हाताला अंदाज पलटणीचाच राहिला. घरात एकटे असले तरी डाळ पातेलंभर. दोन वर्षं सगळ्या गल्लीनं ती खाल्ली आणि छान झाली म्हणून सांगितलं."

"भिडंखातर गं," तात्याबा पुटपुटले. हशा पिकला. नाथाजींची सावधान मोडली.

"मग गल्लीत आपल्या बहिणीकडं आलेल्या एक पाहुण्या रिकामी वाटी परत द्यायला आल्या. त्या म्हणाल्या, मीठ कमी हाय. एवढ्या लोकांत खरं बोलल्या त्या एकट्याच. वडिलांनी तेव्हापासून डाळ थोडी करायला घेतली. दोघांपुरती." हौसा थांबली. इथं नाव घ्यायचं होतं. ते अजूनही सापडलं नव्हतं. तिनं सरळ चंद्राबाईंकडं बघितलं. "तुम्ही आमच्या घरात आलात. खरं बोलणारं माणूस घरात असावं. दोघं सुखी राहा."

तिनं पेला उचलला. लोकांना कळेना. मग नाथाजींनी पेला कपाळाच्या उंचीला धरला, आणि बघून बघून सगळ्यांनी धरला. भाऊसोनं गोंधळून आधी नमस्कार केला, मग पेला उचलला.

पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर हौसा मागं चुलीपाशी गेली. चंद्राबाई लग्नाच्या नव्या पांढऱ्या लुगड्यातच, मागं राहिलेल्या घरच्यांसाठी टाकलेली डाळ चाखून बघत होत्या.

"बोललीस चांगलं," त्या म्हणाल्या. "पर माजं नाव न्हाई घेतलंस."

हौसानं खरं तेच सांगितलं. "काय म्हणायचं तेच ठरलं न्हाई अजून."

"माजंबी न्हाई ठरलं. तुला लेक म्हणू, का बाई म्हणू." त्यांनी पळी तिच्यापुढं धरली. "तवर नुसतं 'आवं' म्हण. त्येवढं तर कुणालाबी म्हणत्यात."

हौसानं डाळ चाखली. तिला आयेची डाळ आठवली, आणि ही तशी नव्हती, आणि तरी चांगली होती. काय वाटतंय ते तिला अजूनही धड कळत नव्हतं.

"आवं," ती म्हणाली, "मीठ कमी हाय."

"व्हय?" चंद्राबाई म्हणाल्या, आणि मिठाचा डबा तिच्याकडं सरकवला. "मग तूच घाल."